हाताने केलेल्या वस्तू टपालाने परदेशी: फॉर्मवरच्या एका ओळीवर काय काय ठरतं

टपालाने परदेशी जाणारी वस्तू दोन रूपांत प्रवास करते. एक म्हणजे प्रत्यक्ष खोकं आणि दुसरं म्हणजे त्या खोक्यात काय आहे याची नोंद. ही नोंद खोक्याच्या आधी पोहोचते आणि आधी तपासली जाते. नोंद अपुरी असेल तर खोकं कितीही नीट बांधलेलं असलं तरी कुठेतरी थांबतं. छोट्या विक्रेत्याची पार्सलं अडकण्याची बरीच कारणं त्याच्या हाताबाहेरची असतात, पण ही नोंद पूर्णपणे त्याच्याच हातात असते. म्हणून या लेखात जास्त भर तिच्यावर आहे.

कुठला फॉर्म, कधी

जगभरातल्या टपाल खात्यांचे नियम जागतिक टपाल संघ ठरवतो. १८७४ साली स्थापन झालेल्या या संघाचं मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात आहे. सीमाशुल्क जाहीरनाम्याचे फॉर्म याच संघाचे असल्यामुळे ते सगळीकडे जवळपास सारखे दिसतात. विक्रेत्याला त्यातले दोनच माहीत असले तरी पुरे.

सीएन २२ हा छोटा फॉर्म. २ किलोपर्यंतच्या लहान पाकिटावर, म्हणजे टपाल खात्याच्या भाषेत स्मॉल पॅकेटवर, तो चिकटवतात. त्याची किमतीची मर्यादा ३०० एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे आणि ३०० एसडीआर म्हणजे साधारण ४०० डॉलर. माल यापेक्षा महाग असेल किंवा पार्सल सेवेने जात असेल, तर मोठा सीएन २३ फॉर्म लागतो. तो प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घालून खोक्याच्या बाहेर लावतात आणि त्याच्यासोबत बिलाची प्रत ठेवतात. बिलाची आणखी एक प्रत खोक्याच्या आतही ठेवावी. बाहेरचं पाकीट फाटलं तर तीच कामाला येते.

पूर्वी हा कागद हाताने भरला की काम झालं असं मानत. आता तसं राहिलेलं नाही. १ जानेवारी २०२१ पासून वस्तू असलेल्या प्रत्येक टपालाची माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आगाऊ पाठवणं टपाल संघाच्या नियमांत आलं. अमेरिकेने त्यासाठी २०१८ मध्येच कायदा केला होता, आणि युरोपीय संघाची स्वतंत्र तपासणी यंत्रणा मार्च २०२१ मध्ये टपालाला लागू झाली. त्यामुळे आज खरा फॉर्म म्हणजे टपाल खात्याच्या संकेतस्थळावर किंवा खिडकीवर संगणकात भरली जाणारी माहिती. खोक्यावरचा कागद ही तिची छापील प्रत. दोन्हींत फरक पडला, म्हणजे संगणकात एक वजन आणि कागदावर हाताने खोडून लिहिलेलं दुसरं, तर तो फरकच तपासणीचं कारण ठरू शकतो. चूक सापडली तर पेनाने दुरुस्त न करता नोंद रद्द करून नवीन लेबल काढावं.

एक खोकं, दोन ओळी

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. जर्मनीतल्या एका ग्राहकाने लोकरीचे दोन क्रोशाचे स्कार्फ आणि पितळी कानातल्यांचा एक जोड मागवला आहे. स्कार्फ प्रत्येकी ३५ युरो, कानातले १८ युरो, टपालखर्च १२ युरो. प्रत्येक स्कार्फचं वजन १८० ग्रॅम, कार्डासकट कानातल्यांचं २० ग्रॅम, आणि सगळं बांधून झाल्यावर खोक्याचं वजन ५१० ग्रॅम.

पुष्कळ विक्रेते इथे वर्णन म्हणून 'हँडमेड आयटम्स', 'गिफ्ट', 'अ‍ॅक्सेसरीज' किंवा नुसतं 'क्लोद्स' असं लिहितात. विक्रेत्याच्या दृष्टीने ते खोटं नाही. पण तपासणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. वस्तू कशाची आहे, कशी बनली आहे आणि कशासाठी वापरतात, या तीन गोष्टी त्याला हव्या असतात, कारण कर आणि बंदी या दोन्ही गोष्टी त्यांवरूनच ठरतात. युरोपीय संघाने तर असे मोघम शब्द स्वीकारू नयेत अशी यादीच केली आहे. ते शब्द दिसले की यंत्र नोंद परत पाठवू शकतं किंवा जास्त माहिती मागू शकतं, आणि उत्तर मिळेपर्यंत खोकं विमानात चढत नाही.

म्हणून वर्णन पाठवणाऱ्याच्या भाषेत न लिहिता इंग्रजीत, फ्रेंचमध्ये किंवा पोहोचणाऱ्या देशात चालणाऱ्या भाषेत लिहायचं. वरच्या खोक्याचं वर्णन असं होईल:

```
2 x Crocheted wool scarf       0.360 kg  70.00 EUR  611710
1 pair Brass earrings, costume 0.020 kg  18.00 EUR  711719
Total (gross)                  0.510 kg  88.00 EUR
```

प्रत्येक ओळीत शेवटी सहा आकडे आहेत. तो एचएस कोड, म्हणजे जगभर वापरली जाणारी मालाची वर्गवारी. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे असतात आणि त्यापुढचे आकडे प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. फॉर्मवर सहा दिले की बहुतेक ठिकाणी भागतं. काही देश जास्त आकडे मागतात, त्यामुळे ज्या देशात वारंवार माल जातो त्याची मागणी एकदा तपासून ठेवावी.

हा कोड शोधताना हस्तकलेच्या विक्रेत्यांची एका विशिष्ट जागी नेहमी चूक होते. कापडाच्या वस्तूत पहिला प्रश्न लोकर की सूत हा नसतो. वस्तू विणकामाची किंवा क्रोशाची आहे, की मागावर विणलेल्या कापडाची आहे, हा असतो. अंगावरचे कपडे आणि त्यासोबतच्या वस्तू विणकामाच्या असतील तर त्या ६१ व्या प्रकरणात जातात आणि मागावरच्या कापडाच्या असतील तर ६२ व्या. म्हणून क्रोशाचा लोकरी स्कार्फ ६११७१० मध्ये येतो, आणि मागावर विणलेली लोकरी शाल ६२१४२० मध्ये. दिसायला दोन्ही गळ्यात घालायच्याच वस्तू, पण कर वेगळा असू शकतो. मराठीत दोन्ही कामांना आपण विणणंच म्हणतो, त्यामुळे ही चूक जास्तच सहज होते. उशीचे अभ्रे मात्र कपडे नाहीत. ते ६३ व्या प्रकरणात सापडतील, आणि मागावरच्या सुती कापडाचे असतील तर कोड ६३०४९२. तिथेही विणकामाच्या अभ्र्यांचा कोड वेगळाच असतो. सोन्याचांदीचे नसलेले धातूचे कानातले नकली दागिन्यांत म्हणजे ७११७१९ मध्ये जातात. मेणबत्त्यांचा कोड ३४०६००.

आपल्या दुकानात वीस प्रकारच्या वस्तू असतील तर एकदा बसून वीस कोड काढावेत, प्रत्येकापुढे इंग्रजी वर्णन लिहून ठेवावं आणि नंतर दर वेळी तेच वापरावं. एकाच वस्तूला दर वेळी वेगळा कोड देणाऱ्या विक्रेत्याकडे संशयाने पाहिलं जाणं साहजिक आहे.

वजन, किंमत आणि 'गिफ्ट'ची खूण

ओळीतलं वजन हे त्या वस्तूचं निव्वळ वजन असतं, आणि शेवटचं एकूण वजन खोकं, कागद, चिकटपट्टी धरून. हे दोन आकडे उलटसुलट झाले आणि वस्तूंच्या वजनांची बेरीज खोक्याच्या वजनापेक्षा जास्त भरली, तर संगणकच नोंद नाकारू शकतो. उदाहरणात वस्तूंची बेरीज ३८० ग्रॅम आणि खोकं ५१० ग्रॅम, म्हणजे हिशोब बरोबर आहे.

किंमत म्हणजे ग्राहकाने खरोखर दिलेली रक्कम. सवलत दिली असेल तर सवलतीनंतरची. साहित्याला किती खर्च आला याचा तिथे काही संबंध नाही. तुटलेल्या वस्तूच्या बदल्यात फुकट पाठवलेल्या वस्तूलाही किंमत असतेच, तिथे शून्य लिहू नये. बिलावर 'बदली वस्तू, पैसे घेतलेले नाहीत' असं नमूद करून तिची नेहमीची विक्री किंमत द्यावी.

ग्राहकाचा कर वाचावा म्हणून किंमत कमी दाखवणं आणि 'गिफ्ट'वर खूण करणं हे दोन प्रकार सर्रास चालतात. बऱ्याचदा ग्राहकच तशी विनंती करतो. तरीही ती मान्य करू नये. विकलेली वस्तू भेट ठरत नाही, फॉर्मवर तिच्यासाठी 'सेल ऑफ गुड्स' हा स्वतंत्र चौकोन आहे. युरोपीय संघात भेटवस्तूला मिळणारी ४५ युरोंपर्यंतची करसवलत फक्त एका खाजगी व्यक्तीने दुसऱ्या खाजगी व्यक्तीला, पैसे न घेता पाठवलेल्या वस्तूला असते. खोक्यावर दुकानाचं नाव, आत आभाराचं कार्ड आणि किमतीची चिठ्ठी असलेली 'भेट' ओळखायला अधिकाऱ्याला क्षणभरही लागत नाही. मग तो ग्राहकाकडे पैसे भरल्याचा पुरावा मागतो आणि पार्सल आठवडाभर किंवा जास्त काळ पडून राहतं. पार्सल हरवलं तर भरपाईही जाहीर केलेल्या किमतीपुरतीच मागता येते, आणि तेव्हा ३५ युरोंचा स्कार्फ ५ युरोंचा लिहिल्याचं दुःख विक्रेत्याच्या वाट्याला येतं.

मूळ देशाच्या रकान्यात वस्तू जिथे बनली तो देश लिहायचा. आयात केलेल्या लोकरीपासून स्कार्फ विणला असेल तरी साधारणपणे विणकाम जिथे झालं तो देश. मात्र बाहेरून तयार आणून नुसती पुन्हा गुंडाळलेली वस्तू 'आपली' होत नाही.

कर कोण भरणार

१ जुलै २०२१ पासून युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या सगळ्या विक्रीच्या मालावर मूल्यवर्धित कर लागतो. त्याआधी २२ युरोंपर्यंतच्या मालाला सूट होती, ती गेली. हा कर टपालखर्च धरून काढला जातो. आपल्या खोक्यात ८८ अधिक १२, म्हणजे १०० युरो. जर्मनीचा नेहमीचा दर १९ टक्के, म्हणून कर १९ युरो. ग्राहकाने तो दारात किंवा टपाल कार्यालयात भरायचा असेल तर त्यावर हाताळणीचं शुल्कही वेगळं लागतं. ही रक्कम त्याला आधी माहीत नसेल तर तो चिडतो, पार्सल घ्यायला नकार देतो, आणि खोकं परतीच्या वाटेला लागतं.

१५० युरोंपर्यंतच्या मालासाठी दुसरा मार्ग आहे, त्याला आयओएसएस म्हणतात. यात कर विक्रीच्या वेळीच घेतला जातो. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून विक्री झाली असेल तर ती बाजारपेठच कर वसूल करते आणि विक्रेत्याला आपला आयओएसएस क्रमांक कळवते. तो `IM` या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे दहा आकडे असतात. हा क्रमांक इलेक्ट्रॉनिक नोंदीतल्या त्याच्या रकान्यात जायला हवा. तो नुसता खोक्यावर लिहिला तर सीमाशुल्काच्या संगणकाला दिसत नाही आणि ग्राहकाला दुसऱ्यांदा कर भरावा लागतो. 'मी तर कर आधीच भरला होता' अशी तक्रार आली की पहिल्यांदा हेच तपासावं. दुसरं म्हणजे बाजारपेठेचा क्रमांक फक्त तिथल्या विक्रीलाच वापरायचा. आपल्या स्वतःच्या दुकानातून विकलेल्या मालावर तो टाकणं हा गैरवापर आहे.

देशोदेशीचे हे नियम अचानक बदलतात. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ रोजी सर्व देशांसाठी थांबली, तेव्हा अनेक देशांच्या टपाल खात्यांनी तिकडे वस्तू स्वीकारणंच काही काळ बंद केलं होतं. म्हणून नव्या देशाची ऑर्डर घेण्याआधी आपल्या टपाल खात्याची त्या देशाबद्दलची ताजी सूचना वाचावी. तिथे स्वीकारल्या जाणाऱ्या वजनाची मर्यादा आणि बंदी असलेल्या वस्तूही दिलेल्या असतात.

बंदीचा विषय मोठा आहे, पण हस्तकलेत वारंवार येणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. अल्कोहोल असलेलं अत्तर, नखांचं पॉलिश आणि सुटी लिथियम बॅटरी विमानाच्या सुरक्षेमुळे अडते. पिसं, शिंपले, प्रवाळ, बिया, सुकवलेली फुलं आणि साल असलेलं लाकूड जैवसुरक्षेमुळे किंवा संरक्षित प्रजातींच्या नियमांमुळे अडतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फार कडक आहेत. तिथे वस्तू चालणारी असली तरी तिच्याभोवती भरलेलं गवत किंवा पेंढा चालत नाही. भरण म्हणून साधा कागद वापरावा.

उशीर कुठे होतो आणि तो कसा ओळखायचा

पाठवलेलं खोकं स्थानिक कार्यालयातून आपल्या देशाच्या विनिमय कार्यालयात जातं. तिथे ते एका देशासाठीच्या पोत्यात भरलं जातं आणि पोतं विमान कंपनीला दिलं जातं. पोहोचणाऱ्या देशाच्या विनिमय कार्यालयात ते उघडतात, मग सीमाशुल्क तपासणी होते आणि शेवटी वाटप. ट्रॅकिंगवर दिसणारे शब्द या टप्प्यांचेच असतात.

सगळ्यात जास्त घाबरवणारी शांतता असते ती `Departure from outward office of exchange` आणि `Arrival at inward office of exchange` या दोन नोंदींच्या मधली. पहिल्या नोंदीचा अर्थ 'विमान उडालं' असा अनेकजण घेतात. तिचा खरा अर्थ इतकाच की खोकं पोत्यात बंद होऊन टपाल खात्याच्या हातून पुढे गेलं. त्यानंतर पोतं विमानात जागा मिळेपर्यंत थांबतं, थेट विमान नसेल तर तिसऱ्या देशात उतरून पुन्हा चढतं, आणि या काळात आतल्या एकेका खोक्याचं स्कॅनिंग होत नाही. त्यामुळे काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत काहीच न दिसणं नेहमीचं आहे, आणि वर्षअखेरीच्या गर्दीत ते आणखी लांबतं. या टप्प्यावर चौकशी करून हाती काही लागत नाही.

नोंद त्याआधीच, म्हणजे आपल्याच विनिमय कार्यालयात, आठवडाभर अडलेली असेल तर मात्र शांत बसू नये. तिथे बहुधा आगाऊ माहितीत खोट असते किंवा एक्सरेमध्ये काही दिसलेलं असतं. लगेच टपाल खात्याशी बोलून वर्णन, पत्ता, पिनकोड तपासून घ्यावा. पार्सल देशाबाहेर न जाताच परत आलं तर कारण जवळजवळ नेहमी इथलंच असतं. आणि समोरच्या देशात 'सीमाशुल्काने रोखलं' अशी नोंद दिसली तर ग्राहकाला ताबडतोब कळवावं, कारण बिल किंवा कर मागणारा संदेश त्यालाच गेलेला असतो आणि तो कित्येकदा त्याला फसवणूक समजून पुसून टाकतो. त्याचा फोन आणि ईमेल फॉर्मवर भरणं म्हणूनच गरजेचं.

लेबलवरच्या क्रमांकाची पहिली दोन अक्षरंही नीट पाहावीत. १३ अक्षरांचा हा क्रमांक `R` ने सुरू होत असेल तर नोंदणीकृत, `L` ने असेल तर ट्रॅक होणारं पाकीट, `C` ने पार्सल, `E` ने ईएमएस ही जलद टपालसेवा. `U` ने सुरू होणारा क्रमांक मुख्यतः सीमाशुल्काच्या नोंदीसाठी असतो. साध्या स्मॉल पॅकेटवर तोच मिळतो, विक्रेता भाबडेपणाने तो ग्राहकाला ट्रॅकिंग म्हणून पाठवतो, आणि तो क्रमांक पोहोचेपर्यंत हलतच नाही. असा क्रमांक ग्राहकाला द्यायचाच असेल तर त्यावर माग काढता येणार नाही हे सोबत लिहावं. महागड्या वस्तूसाठी ही सेवा वापरू नये.

ग्राहकाला मुदत सांगताना एक तारीख न देता दिवसांचा पल्ला द्यावा, आणि तो ऑर्डरच्या दिवसापासून न मोजता पार्सल खिडकीवर दिल्याच्या दिवसापासून मोजावा. टपाल खात्याच्या तक्त्यातल्या दिवसांत सीमाशुल्काचा वेळ सहसा धरलेला नसतो. त्यापेक्षा त्या देशात गेलेल्या आपल्याच मागच्या दहा पार्सलांच्या तारखा वहीत लिहिलेल्या असतील तर खरा पल्ला त्यातून दिसतो. दहापैकी सगळ्यात उशिरा पोहोचलेलं जितके दिवस घेतलं तितके दिवस वरची मर्यादा म्हणून सांगावेत.

नकार दिलेलं किंवा न उचललेलं खोकं समोरच्या देशात ठराविक दिवस ठेवतात, अनेक ठिकाणी १५ ते ३० दिवस. पार्सलच्या फॉर्मवर ते मग परत पाठवायचं की सोडून द्यायचं हे आधीच विचारलेलं असतं. पार्सल परत आणण्याचा खर्च पाठवणाऱ्याकडून घेतला जातो, म्हणून स्वस्त आणि पुन्हा न विकता येणाऱ्या, नाव भरतकाम केलेल्या वस्तूसाठी 'सोडून द्या' ही खूण जास्त शहाणपणाची ठरते.

हरवलेल्या पार्सलची अधिकृत चौकशी पाठवणाऱ्याच्या देशातल्या टपाल खात्याकडे होते. टपाल संघाच्या नियमाप्रमाणे त्याला पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत असते, ईएमएससाठी ती कमी असू शकते. अर्जाला मूळ पावती, जाहीरनाम्याची प्रत आणि बिल जोडावं लागतं. चुकीच्या वर्णनामुळे सीमाशुल्काने जप्त केलेल्या मालाची भरपाई टपाल खातं देत नाही. म्हणून पावती फोटो काढून ठेवावी. थर्मल कागदावरची अक्षरं सहा महिन्यांच्या आतच पुसट होऊ लागतात.